फोटोतली कोल्हापुरी: कड, शिलाई आणि तळ कसे पाहावेत

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका बाजारगावात माझे चपलांचे छोटे दुकान आहे. कोल्हापूर आमच्यापासून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे तिथे जाऊन माल हाताळून घेणे मला दरवेळी परवडत नाही, आणि म्हणून गेली कित्येक वर्षे मी कोल्हापुरी चपला व्हॉट्सअपवर आलेल्या फोटोंवरूनच निवडतो. अलीकडे गावातले लोकही तेच करू लागले आहेत. मोबाइलवर जाहिरात येते, तिच्यात ‘अस्सल हातशिलाई, पारंपरिक कारागिरी’ असे लिहिलेले असते, आणि लग्नसराईच्या तोंडावर लोक माझ्याकडे येऊन विचारतात की ही खरी आहे का. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि त्यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून तर हा प्रश्न मला जवळजवळ दर बाजाराला ऐकावा लागतो.

या वर्षी शेजारच्या वहिनींच्या मुलाचे लग्न वैशाखात ठरले होते आणि नवरदेवासह पाच जणांना कोल्हापुरी घ्यायची होती. त्यांनी दोन विक्रेत्यांचे फोटो माझ्यासमोर ठेवले. पहिल्याचा जोड साडेपाचशे रुपयांना होता आणि दुसऱ्याचा चौदाशेला. दोन्ही फोटोंत चपला वरून पाहता सारख्याच देखण्या होत्या. वहिनींचे म्हणणे असे होते की दोन्ही सारख्याच दिसत असतील तर चौदाशे का मोजायचे. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र वरून काढलेल्या फोटोत नव्हते, कारण चप्पल वरून जशी दिसते तेवढा भाग नकलेत सगळ्यात सहज साधतो. विणलेली वेणी, लाल गोंडा, भोकांची नक्षी, तेलकट तांबूस रंग हे सगळे यंत्रावर हुबेहूब काढता येते. चप्पल कशी तयार झाली हे कळते ते जिथे चामडे कापलेले आहे, जिथे दोन थर एकमेकांना जोडलेले आहेत आणि जिथे ती जमिनीला टेकते, त्या तीन ठिकाणी.

त्यासाठी मुळात ही चप्पल कशी बनते ते थोडक्यात सांगावे लागेल. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत वरचा तळ आणि खालचा तळ असे जाड चामड्याचे दोन थर असतात आणि टाचेखाली आणखी थर रचलेले असतात. तळासाठी साधारणपणे म्हशीचे जाड चामडे घेतात आणि वेणीसारख्या नाजूक कामाला बकऱ्याचे पातळ चामडे वापरतात. दोन तळांच्या मध्ये दोन्ही बाजूंना जे पाळीसारखे तुकडे अडकवतात त्यांना कान म्हणतात, आणि पायावरून जाणारा पट्टा या कानांना जोडलेला असतो. हे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. सगळे थर चामड्याच्याच अरुंद पट्टीने, म्हणजे वादीने, शिवले जातात आणि खिळा कुठेही मारला जात नाही. कापायला रापी आणि भोक पाडायला आरी, एवढ्या दोन हत्यारांवर बहुतेक काम चालते. या दोन हत्यारांच्या खुणा चपलेवर राहतात, आणि फोटोत आपल्याला शोधायच्या असतात त्या याच खुणा.

मी सर्वांत आधी कड पाहतो. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका ठोक विक्रेत्याकडून मी निव्वळ फोटो पाहून चोवीस जोड मागवले होते. हातात आले तेव्हाही ते छानच वाटले, कारण कडेला चॉकलेटी रंगाचा जाड, चकाकणारा थर दिलेला होता आणि चप्पल नीटनेटकी दिसत होती. श्रावणात एक शेतकरी त्यांतला एक जोड परत घेऊन आला. काळ्या मातीच्या चिखलातून दोन दिवस चालल्यावर टाच फुगली होती आणि पापडासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत होती. आत चामडे नव्हतेच. चामड्याचा भुसा चिकटद्रव्यात दाबून केलेला पुठ्ठा होता आणि त्याच्या वरखाली पातळ चामड्याचा मुलामा होता. आमच्या बाजारातल्या म्हाताऱ्या कारागिराने तो तुकडा बोटांनी चुरला आणि एवढेच म्हणाला, “भाऊ, कडेले रंग कोन लावते? ज्याले कड लपवाची हाये तो.” त्या दिवसापासून रंगवलेल्या कडेचा फोटो मी पुरावा म्हणून धरत नाही.

कापलेल्या कडेत काय दिसते ते आता सविस्तर सांगतो. खऱ्या चामड्याची कड जवळून पाहिली तर वरचा भाग, म्हणजे जिथे जनावराचे केस होते ती बाजू, दाट आणि गुळगुळीत असते, आणि जसजसे खाली जावे तसतसे तंतू सैल होत जातात. अगदी खाली, मांसाकडच्या बाजूला, कड थोडी पिंजल्यासारखी दिसते. म्हणजे एकाच थरात दाटपणा वरून खाली बदलत जातो. पुठ्ठ्याच्या कडेत असा बदल नसतो. ती वरून खालपर्यंत एकसारखी बारीक कणीदार दिसते, जशी शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्याची कड दिसते. रेक्झिनची कड तर त्याहून सोपी असते, कारण वर प्लॅस्टिकचा चकचकीत पातळ पापुद्रा आणि त्याखाली कापडाचे पांढरे धागे अशा दोन वेगळ्या वस्तू एकमेकांना चिकटवलेल्या स्पष्ट दिसतात.

रंगही कडेतच पाहावा. साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा रंग आतपर्यंत तपकिरीच असतो, फार तर मधला भाग थोडा फिकट राहतो. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मात्र रंगवण्याआधी निळसर असते, आणि नंतर वरून तपकिरी रंग दिला तरी कडेच्या मध्यभागी अनेकदा करडी-निळसर रेघ उरते. ही रेघ दिसली तर चामडे खरे असले तरी पारंपरिक पद्धतीने कमावलेले नाही, हे नक्की समजावे. उलट रेघ दिसली नाही म्हणून निष्कर्ष काढू नये, कारण क्रोमचे चामडे रंगाच्या पाण्यात बराच वेळ घुसळले तर रंग मध्यापर्यंत पोचतो आणि ती रेघ नाहीशी होते.

यानंतर कड कशी कापली आहे ते पाहावे. रापीने हाताने कापलेल्या कडेला थोडा तिरपा उतार असतो. वळणावर, विशेषतः अंगठ्याच्या बाजूच्या गोलाईवर, कारागीर रापी एका दमात फिरवत नाही, थांबून पुन्हा लावतो, आणि त्यामुळे गोलाईत लहान लहान सपाट टप्पे पडतात. वरचा तळ आणि खालचा तळ नंतर एकत्र तासले असले तरी दोन्हींच्या कडा कुठेतरी केसभर मागेपुढे राहतात. यंत्रावर मात्र लोखंडी साचा चामड्यावर ठेवून दाबाने तुकडा पाडतात, तेव्हा कड सरळ उभी येते, गोलाई अखंड येते आणि दोन्ही पायांचे तुकडे तंतोतंत सारखे निघतात. नंतर ती कड फिरत्या सहाणेवर घासलेली असेल तर तिच्यावर एकाच दिशेचे बारीक समांतर ओरखडे दिसतात. नक्षी लेसरने कापलेली असेल तर भोकांच्या कडा जळून काळसर झालेल्या असतात आणि त्या भोवतालच्या चामड्यापेक्षा ठळक उठून दिसतात.

कड रंगवलेली असेल तर काय करायचे, हा प्रश्न उरतो. रंगाचा ब्रश सहसा जिथे पोचत नाही अशा जागेचा फोटो मागावा. अशी सर्वांत चांगली जागा म्हणजे पट्ट्यावरच्या नक्षीच्या भोकांची आतली बाजू, आणि दुसरी म्हणजे अंगठ्याच्या कडीचा आतला भाग. भोक जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे असले तरी मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत त्याची आतली भिंत दिसते. वहिनींच्या पहिल्या विक्रेत्याकडे मी हाच फोटो मागितला. त्याने आधी पुन्हा वरूनच काढलेला फोटो पाठवला, मग “माल एक नंबर आहे” असा आवाजी संदेश पाठवला, आणि तिसऱ्यांदा मागितल्यावर हवा तो फोटो दिला. भोकाच्या भिंतीत तपकिरी पापुद्र्याखाली पांढऱ्या धाग्यांची टोके दिसत होती. पट्टा रेक्झिनचा होता.

वास्तविक त्याच विक्रेत्याच्या वरून काढलेल्या फोटोतही एक खूण होती, जी मला नंतर सापडली. दोन्ही पायांच्या पट्ट्यांवर भोकांची एकेक ओळ होती आणि दोन्हींत शेवटून तिसरे भोक ओळीपासून किंचित बाहेर सरकलेले होते. हाताने भोके पाडताना चूक होतेच, पण दोन्ही पट्ट्यांवर तीच चूक त्याच जागी होत नाही. दोन्ही पट्टे एका साच्यातून निघाले असले तरच असे घडते, कारण साच्यात एक दाता वाकडा असेल तर तो प्रत्येक तुकड्यावर वाकडाच उमटतो. हे तपासायला मोबाइलवर एका पायाचा फोटो कापून घ्यावा आणि दुसऱ्या पायाशेजारी एकदा आहे तसा आणि एकदा उजवे-डावे उलटून ठेवून पाहावा. साचा कसा फिरवून वापरला त्यानुसार चूक या दोन्हींपैकी एका मांडणीत जुळते. हाताने केलेले दोन पाय कोणत्याही मांडणीत पूर्ण जुळत नाहीत.

आता शिलाई. वादीने घातलेला टाका आणि दोऱ्याचा टाका यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही. वादी ही चामड्याची कापलेली पट्टी असल्यामुळे तिचा टाका चपटा दिसतो, गोल दिसत नाही. तिला दोन कडा असतात, तिची रुंदी टाक्यागणिक थोडी बदलते, आणि कुठे कुठे ओढताना तिला पीळ पडलेला असतो, त्यामुळे चार-पाच टाके सपाट बसतात आणि एखादा मध्येच आडवा फिरलेला असतो. आरीने पाडलेले भोक गोल नसून चिरेसारखे असते आणि वादी त्यात ठासून बसलेली असते. ओल्या वादीने शिवून नंतर ठोकलेले असेल तर टाके चामड्यात रुतलेले दिसतात आणि तळाच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ बरोबरीला येतात. शेवटचे टोक गाठ न मारता थराच्या आत सरकवून दाबलेले असते.

यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे असतात आणि ते चामड्याच्या आत एकमेकांत अडकतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकसारखी, तुटक रेघेसारखी शिलाई दिसते. टाके बारीक आणि सारख्या लांबीचे असतात, भोके लहान आणि गोल असतात. शिलाई जिथे संपते तिथे यंत्र दोन-तीन टाके मागे घेऊन पुन्हा पुढे येते, म्हणून त्या जागी दोरा दुहेरी दिसतो. बहुतेकदा ही जागा टाचेच्या मागे किंवा आतल्या बाजूला ठेवलेली असते, आणि विक्रेते फोटो काढताना ती बाजू नकळत किंवा जाणूनबुजून टाळतात.

टाक्यांची लांबी सारखी आहे की कमीजास्त, हे फोटोत ठरवताना एक गफलत हमखास होते. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत जवळचे टाके मोठे आणि लांबचे लहान दिसतातच, आणि त्यावरून कुणीही म्हणू शकतो की पाहा, टाके कमीजास्त आहेत, म्हणजे हातशिलाई आहे. पण कॅमेऱ्यामुळे पडणारा फरक हळूहळू आणि एकाच दिशेने पडतो, जसा शेताच्या धुऱ्यावर उभे राहून पाहिले की कपाशीच्या ओळी दूर जाताना जवळ येत गेलेल्या दिसतात. हाताच्या टाक्यांमधला फरक असा शिस्तीत नसतो. एक लांब, पुढचा आखूड, पुन्हा लांब, असा तो कुठेही येतो. म्हणून सलग दहा टाके घ्यावेत, फोटो मोठा करून स्क्रीनवर पट्टी ठेवावी आणि शेजारशेजारच्या टाक्यांची तुलना करावी. पहिल्या आणि दहाव्या टाक्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

एका तिसऱ्या प्रकारच्या शिलाईपासून मात्र सावध राहायला हवे, कारण ती शिलाईच नसते. रबर किंवा प्लॅस्टिकचा तळ साच्यात ओततात तेव्हा त्याच साच्यात टाक्यांचा आकार कोरलेला असतो आणि तळाबरोबर टाकेही ओतून निघतात. दुरून काढलेल्या फोटोत ते झकास दिसतात. जवळून पाहिले की तीन गोष्टी कळतात. टाक्यांचा रंग आणि तळाचा रंग एकच असतो, टाका जिथे आत शिरतो तिथे भोक नसते, आणि टाक्याच्या खाली सावलीची रेघ पडत नाही, कारण टाका तळापासून वेगळाच नाही. कधी कधी त्या खोट्या टाक्यांवर वेगळा रंग फिरवलेला असतो. अशा वेळी रंग बाजूला ओघळला आहे का ते पाहावे.

दोऱ्याने शिवलेली प्रत्येक चप्पल नकली असते असा अर्थ मात्र यातून काढू नये. पट्ट्यावरची बारीक नक्षी अनेक चांगले कारागीरही दोऱ्याने शिवतात, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. माझी तक्रार एवढीच असते की तळाची शिलाई यंत्रावर करून वर ‘हातशिलाई’ लिहू नये आणि हातशिलाईची किंमत लावू नये. म्हणून मी पट्ट्यावरची शिलाई पाहून निर्णय घेत नाही. टाचेचे थर आणि दोन तळ कशाने जोडले आहेत तेवढेच पाहतो, कारण सगळा भार तिथेच येतो आणि जुन्या पद्धतीची वादीही तिथेच वापरलेली असते.

तळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण जे आहे ते आमच्या भागाला विशेष लागू पडते. चामड्याचा तळ सपाट आणि विनाचकाकी असतो, त्यावर रेघांची किंवा ठिपक्यांची नक्षी नसते आणि हातोडीचे हलके ठसे कुठेतरी दिसतात. ओतलेल्या तळाच्या कडेने बारीक उभार रेघ फिरलेली असते, कारण साच्याचे दोन भाग तिथे जुळतात, आणि तळावर कुठेतरी वाटाण्याएवढा गोल डाग असतो, जिथून वितळलेला माल आत सोडलेला असतो. पायाचा नंबर तळातच उठावात ओतलेला असेल तर प्रश्नच मिटतो. चामड्यावर नंबर ठोकलेला किंवा शाईने लिहिलेला असतो, उठावात ओतता येत नाही.

मात्र नुसते रबर दिसले म्हणून चप्पल खोटी ठरवण्याची घाई करू नये. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात तळाला धरते आणि सुटत नाही, आणि चामड्याचा तळ ते पाणी शोषून मऊ पडतो. त्यामुळे आमच्याकडे अस्सल कोल्हापुरी घेणारा माणूससुद्धा तिच्याखाली रबराची पातळ पट्टी लावून घेतो, आणि हे ओळखून काही कारागीर आधीच रबर लावून पाठवतात. फरक कडेतून कळतो. नंतर लावलेल्या रबराच्या वर चामड्याचे दोन्ही तळ आणि त्यांची वादीची शिलाई शाबूत दिसते. नकलेत एकच जाड रबराचा ठोकळा असतो आणि वर पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. म्हणून तळाचा फोटो एकटा पाहू नये, त्याच्या जोडीला कडेचा फोटो असावाच.

दुसऱ्या विक्रेत्याकडे वहिनींच्या मोबाइलवरून मी पाच फोटो मागितले, आणि ते कसे काढायचे तेही लिहून पाठवले. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढावेत, कारण फ्लॅश समोरून पडतो आणि टाक्यांच्या व कडेच्या सावल्या पुसून टाकतो. टाचेची कड मागून, अंगठ्याच्या बाजूची गोलाई, पूर्ण तळ, टाचेखालचे टाके अगदी जवळून आणि नक्षीचे एक भोक, असे पाच. शिवाय फोटो व्हॉट्सअपवर नेहमीसारखे न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावेत, म्हणजे ते दाबले जात नाहीत आणि मोठे करून पाहता येतात. नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो मोठा केला की टाक्यांच्या कडा धूसर होतात आणि यंत्राचा टाकाही हाताचा वाटू लागतो. ही चूक माझ्याकडूनही झालेली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आले. टाचेत तीन थर होते आणि तिन्हींची जाडी वेगवेगळी होती. मधल्या थराचा रंग इतर दोन थरांपेक्षा फिकट होता, पण त्यात वरून खाली तंतू सैल होत गेलेले दिसत होते, म्हणजे पुठ्ठा नव्हता. गोलाईत चार ठिकाणी सपाट टप्पे मोजता आले. तळाच्या कडेने वादी फिरलेली होती आणि सलग दहा टाक्यांत सगळ्यात लांब टाका सगळ्यात आखूड टाक्याच्या जवळजवळ दीडपट होता. नक्षीच्या भोकात आतपर्यंत तपकिरी रंग होता. एकच गोष्ट मला खटकली, की डाव्या कानाजवळ दोन टाके काळ्या दोऱ्याचे होते. विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की ओढताना वादी तुटली म्हणून तेवढी जागा दोऱ्याने सांधली, आणि हवे असेल तर तो पाय बदलून देतो. लपवणारा माणूस ती जागा फोटोत येऊ देत नाही, म्हणून मला ते उत्तर पटले.

यातून हे ठरले की चप्पल हाताने केलेली आहे. ती कोल्हापुरी आहे हे मात्र यातून ठरत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी वहिनींना स्पष्ट सांगितले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. वर्ध्याच्या एखाद्या कारागिराने साल-हिरड्याचे चामडे घेऊन वादीने नेमकी तशीच चप्पल शिवली तर ती हाताची आणि उत्तम असेल, पण त्या मानांकनात बसणार नाही. कडेत, टाक्यात किंवा तळात जिल्हा दिसत नाही. त्यासाठी विक्रेत्याला तो कोणत्या गावातून माल घेतो आणि मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता कोण आहे हे विचारावे लागते. मानांकनाची खात्री देणारी क्यूआर कोडची चिठ्ठी फोटोत दिसली तरी ती दुसऱ्या जोडावरची असू शकते, म्हणून ती हातात आलेल्या जोडावर स्वतः स्कॅन केल्याशिवाय तिला किंमत नाही. पारंपरिक कमावणीबद्दलही तेच आहे. फोटो फार तर क्रोमची निळी रेघ पकडून देईल.

आणखी एक अडचण फोटोबाहेरची आहे. दाखवलेला जोड आणि पाठवलेला जोड एकच असेल याची खात्री फोटो देत नाही. कधी कधी फोटोच दुसऱ्याचा उचललेला असतो, आणि तो गूगल लेन्सवर टाकला की चार वेगळ्या दुकानांत तोच सापडतो. पण फोटो खरा असला तरी माल बदलू शकतो. यावर चामड्यानेच एक सोय करून ठेवली आहे. जनावर जगताना त्याच्या कातडीवर गोचिडाचे डाग, काटेरी तारेचे ओरखडे, मानेच्या सुरकुत्या पडतात, आणि त्या कमावल्यावरही जात नाहीत. वरच्या तळावर अशी एखादी खूण प्रत्येक पायावर असतेच, आणि दोन पायांवर सारखी नसते. सारखी दिसली तर ती कातडीची नसून वरून दाबून उमटवलेली आहे, असे समजावे. वहिनींनी पाच जोड मागवले तेव्हा मी पाचही जोडांचे वरचे फोटो जपून ठेवायला सांगितले आणि प्रत्येकावरची एकेक खूण कागदावर लिहून घेतली: पहिल्याच्या उजव्या पायावर टाचेजवळ आडवा ओरखडा, दुसऱ्याच्या डाव्यावर मोहरीएवढे तीन डाग, असे.

पार्सल लग्नाच्या नऊ दिवस आधी आले. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही जोड मांडले आणि कागद काढला. चार जोडांच्या खुणा जुळल्या. पाचव्याची जुळली नाही. त्याची कड पाहिली, तिला उतार होता, टाचेला वादी होती, तंतू होते. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला की त्या नंबरचा जोड भरताना पट्ट्याला चीर दिसली, म्हणून दुसरा घातला आणि सांगायचे राहून गेले. वहिनींनी तो ठेवून घेतला, आणि कागदावरची जुनी खूण खोडून त्याची नवी खूण लिहिली.